जुन्या लेखांकडे जाणारी वाट

उकडीच्या मोदकांचा लेख गणपतीत धो धो वाचला जातो, इतर साइटही त्याचा दुवा देतात. मोदकाच्या पिठीवरचा जुना लेख मात्र पडून असतो; त्याच्याकडे नेणारा दुवाच नसतो. गूगलच्या मूळ पेजरँक पद्धतीत पानाचं वजन त्यातल्या दुव्यांमधून पुढच्या पानांना वाटलं जातं. म्हणून मोदकाची पारी का फाटते हे सांगतानाच ‘मोदकाची पिठी कशी दळावी’ या शब्दांवर दुवा द्यावा. नुसत्या ‘इथे वाचा’वरून ना वाचकाला काही कळतं, ना गूगलला. तळाशी चाळीस दुवे टांगले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरच येतं. सर्च कन्सोलमध्ये अंतर्गत दुव्यांची यादी असते. तिच्यात तळाशी असलेल्या किंवा दिसतच नसलेल्या लेखांपासून सुरुवात करावी.