हातचा सांभाळणारी वजाबाकी, हातचा हरवणारी बेरीज

तिसरी-चौथीच्या वर्गात ४७ आणि ३८ ची बेरीज करताना सात आणि आठ पंधरा होतात. आपण पाच लिहितो आणि एक हातचा धरतो. तो हातचा लक्षात राहिला नाही तर उत्तर ७५ येते. इंटेलचा ८०८५ हा १९७६ सालचा प्रोसेसर नेमकी हीच चूक करू शकतो. आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांतल्या किटवर कित्येकांनी त्याच्याशी झटापट केली आहे. त्याचा हातचा कसा टिकतो आणि कसा हरवतो, ते या लेखात पाहू.

८०८५ एका वेळी एकच बाइट, म्हणजे आठ बिट्स, बेरजेला घेतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच अंक मावतात. मोठी संख्या हवी असेल तर चार बाइट शेजारी मांडायचे. आपल्याकडे एकक, दशक, शतक ही स्थाने असतात, तशी इथे १, २५६, ६५,५३६ आणि १,६७,७७,२१६ ही स्थाने होतात. या ३२ बिट्समध्ये ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतची कोणतीही संख्या बसते.

१,३१,००० मध्ये ७०,००० मिळवू. मोठ्या स्थानापासून लिहिले तर पहिली संख्या ०, १, २५५, १८४ अशी आणि दुसरी ०, १, १७, ११२ अशी होते. आता उजवीकडून सुरुवात करू. १८४ आणि ११२ मिळून २९६ होतात. त्यातून २५६ वजा करून ४० लिहायचे आणि हातचा एक. पुढे २५५, १७ आणि हातचा मिळून २७३, म्हणजे १७ लिहायचे आणि पुन्हा हातचा एक. नंतर १, १ आणि हातचा मिळून ३. शेवटी शून्य. उत्तर ०, ३, १७, ४०, म्हणजे बरोबर २,०१,०००.

हातचा ठेवण्यासाठी प्रोसेसरमध्ये एकाच बिटची जागा असते. तिला कॅरी फ्लॅग म्हणतात. `ADD` ही आज्ञा त्यात नवा हातचा ठेवते, पण जुना विचारात घेत नाही. `ADC` जुना हातचा मिळवून घेते आणि मग नवा ठेवते. सर्वांत लहान स्थानाचा बाइट आधी, अशा क्रमाने दोन्ही संख्या मेमरीत ठेवल्या की कार्यक्रम एवढाच:

```
      LXI  H,2050H
      LXI  D,2060H
      MVI  C,04H
      ORA  A
NEXT: LDAX D
      ADC  M
      STAX D
      INX  H
      INX  D
      DCR  C
      JNZ  NEXT
      HLT
```

`ORA A` सुरुवातीला फ्लॅग शून्य करते. ती विसरली तर आधीच्या कामातला उरलासुरला हातचा या बेरजेत शिरतो आणि उत्तर कधी बरोबर, तर कधी एकाने जास्त येते.

`ADC` ऐवजी `ADD` लिहिले तर आपल्या उदाहरणाचे उत्तर १,३५,२०८ येते. फरक ६५,७९२ चा, म्हणजे ६५,५३६ अधिक २५६. हरवलेले दोन्ही हातचे त्या फरकात स्पष्ट दिसतात. पाच अधिक तीन करून पाहणाऱ्याला मात्र ही चूक कधीच सापडणार नाही, कारण तिथे हातचा येतच नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. `INX` कोणत्याही फ्लॅगला हात लावत नाही. `DCR` इतर फ्लॅग बदलते, पण कॅरी सोडून देते. म्हणून एका फेरीतला हातचा पुढच्या फेरीपर्यंत सुखरूप पोचतो. समजा एखाद्याने C मोजण्याऐवजी पत्ता तपासायचे ठरवले आणि `MOV A,L` व `CPI 54H` लिहिले. तुलना म्हणजे आतल्या आत केलेली वजाबाकीच. ती कॅरी फ्लॅग पुसून तिथे स्वतःचा निकाल लिहिते. L हा 54 पेक्षा लहान असताना तो निकाल दर वेळी एक असतो. आपल्या बेरजेचे पहिले तीन बाइट योगायोगाने बरोबर येतात आणि चौथ्यात विनाकारण १ उमटतो. उत्तर होते १,६९,७८,२१६! एक अधिक एक करून पाहिले की चूक उघडी पडते. किटवर `01010102` दिसते.

वजाबाकीसाठी `ADC M` च्या जागी `SBB M` लिहायचे, बाकी सगळे तसेच. आता त्याच फ्लॅगमध्ये उसना घेतलेला एक राहतो. २,०१,००० मधून १,३१,००० काढताना ४० मधून १८४ जात नाहीत, म्हणून २५६ उसने घेऊन ११२ उरतात. पुढे १७ मधून २५५ आणि उसना एक काढायचा आहे. पुन्हा उसना घेऊन १७ उरतात. मग ३ मधून १ आणि उसना एक गेल्यावर १ उरतो. उत्तर ७०,०००.

हा संकेत सगळीकडे सारखा नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले होते. त्यांतल्या ६५०२ प्रोसेसरमध्ये वजाबाकीच्या वेळी कॅरी १ असणे म्हणजे उसना न घेणे. त्यामुळे तिथे सुरुवातीला फ्लॅग शून्य न करता `SEC` ने एक करावा लागतो.

चौथ्या बाइटनंतर उरलेला हातचाही वाया घालवू नये. बेरजेनंतर तो १ असेल तर उत्तर ३२ बिट्समध्ये मावलेले नाही. वजाबाकीनंतर १ असेल तर मोठी संख्या लहान संख्येतून काढली गेली आहे. पाचातून सात काढले की किटवर `FFFFFFFE` दिसते. ते उणे दोन आहे की ४,२९,४९,६७,२९४, हे त्या चार बाइटांवरून कळत नाही. म्हणून `HLT` च्या आधी एक `JC` हवा.