मित्र बघत असले की पोरं सिग्नल का तोडतात?

‘एकटा असला की नीट चालवतो, मागे मित्र बसले की अंगात येतं,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अमेरिकेत टेंपल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

किशोर, तरुण आणि प्रौढ अशा ४० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये गाडीचा खेळ खेळायला दिला. वाटेत २० चौक. दिवा पिवळा झाला की ठरवायचं: थांबलं तर थोडा वेळ जातो, घुसलं तर वाचतो, पण धडक बसली तर त्याहून जास्त वेळ वाया. प्रत्येकजण एकदा एकटा खेळला. दुसऱ्या वेळी त्याचे मित्र शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघत होते.

मित्र बघतायत म्हटल्यावर किशोरांनी जास्त धोका पत्करला, धडकाही वाढल्या. मोठ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. त्याच वेळी किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाची ओढ जागवणारे भाग जास्त पेटले. म्हणजे धोका कळत नव्हता असं नाही, मजा जास्त ओढत होती. म्हणूनच ‘अक्कल नाही का?’ हे ओरडणं फुकट जातं.

अर्थात माणसं मोजकी होती आणि खेळ म्हणजे खरा रस्ता नव्हे. पण अपघातांच्या नोंदीही तेच सांगतात: गाडीत समवयस्क वाढले की किशोर चालकाचा जीव जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे अमेरिकेतली बरीच राज्यं नव्या किशोर चालकाला गाडीत किती मित्र घेता येतील, यावर मर्यादा घालतात.