ताणली की तुटली? : टाचेमागील दुखापतीची ओळख

१२ एप्रिल २०१३ ची रात्र. लॉस एंजेलिस लेकर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघांमधील बास्केटबॉलचा सामना संपण्यास अवघी काही मिनिटे उरली होती. प्रतिस्पर्ध्याला बगल देऊन पुढे झेपावण्यासाठी कोबी ब्रायंट या ख्यातनाम खेळाडूने डावा पाय जमिनीवर रेटला आणि तत्क्षणी तो खाली बसला. मागून कोणीतरी लाथ मारली, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात कोणाचाही पाय लागलेला नव्हता. त्याच्या टाचेमागची कंडरा पूर्णपणे तुटली होती. तरीही तो उठला, चालत रेषेपर्यंत गेला, दोन्ही फ्री थ्रो अचूक टाकले आणि मगच मैदानाबाहेर पडला. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

या प्रसंगाची चर्चा पुढे त्याच्या जिद्दीचा नमुना म्हणून होत राहिली. परंतु वैद्यकीय दृष्ट्या त्यातील बोधाची गोष्ट निराळी आहे. कंडरा संपूर्ण तुटली तरी मनुष्य चालू शकतो. ‘चालता येते आहे, पाऊल हलते आहे, म्हणजे काही तुटलेले नाही’ हा घरोघरी काढला जाणारा निष्कर्ष या एका दुखापतीपुरता तरी विश्वासार्ह नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी पायाच्या मागील भागाची रचना पाहावी लागते. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली निमुळते होत एका जाड, दोरखंडासारख्या पट्ट्यात एकवटतात आणि तो पट्टा टाचेच्या हाडाला जोडला जातो. ग्रीक पुराणकथेतील वीर अकिलीस याच्यावरून त्याला अकिलीस कंडरा म्हणतात. धावताना वा उडी घेताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. टाचेच्या हाडापासून साधारणतः दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिचा रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि बहुतेक वेळा ती तेथेच तुटते. मात्र पाऊल खाली दाबण्याचे काम ही कंडरा एकटी करीत नाही. घोट्याच्या मागून बोटांकडे व तळव्याकडे जाणाऱ्या इतर लहान कंडराही त्याला थोडाफार हातभार लावतात. मुख्य दोर तुटला तरी या लहान दोऱ्यांच्या बळावर पाऊल हलते, आणि दुखापत झालेला मनुष्य व त्याचे कुटुंबीय दोघेही निर्धास्त होतात.

एक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांचे एक कापड व्यापारी. आठवडाभर दुकानात बैठक आणि रविवारी समाजाच्या तरुणांबरोबर क्रिकेट. चोरटी धाव घेण्यासाठी ते एकदम झेपावतात, टाचेमागे ‘फट्’ असा आवाज होतो आणि मागून चेंडू लागला असावा म्हणून ते वळून पाहतात. वेदना पहिल्या क्षणी तीव्र असते, पण अर्ध्या तासात बरीच ओसरते. घरी तेल चोळले जाते, पट्टी बांधली जाते. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढतात. त्यात हाड शाबूत दिसते. ‘मुरगळले असेल’ असे म्हणून विषय मिटतो. तीन आठवड्यांनी सूज उतरते, पण वरच्या फळीवरील कापडाचा तागा काढण्यासाठी चवड्यांवर उभे राहू जाता त्या पायाची टाच उचलतच नाही.

येथे दोन चुका झाल्या. एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरेची तूट दिसत नाही. त्यामुळे त्या चित्राने दिलेला दिलासा पोकळ होता. दुसरे म्हणजे, वेदना कमी झाली म्हणजे इजा किरकोळ, असे मानले गेले. वास्तविक ताणलेली कंडरा पुष्कळदा तुटलेल्या कंडरेपेक्षा अधिक दिवस दुखते.

मग ओळखावे कसे? यासाठी एक साधी तपासणी आहे. सिमंड्स यांनी १९५७ साली आणि थॉम्पसन यांनी १९६२ साली तिचे वर्णन केले. रुग्णाने पालथे झोपावे, पावले पलंगाच्या कडेबाहेर लोंबती ठेवावीत आणि पाय सैल सोडावेत. मग दुसऱ्या व्यक्तीने पोटरीचा जाड भाग दोन्ही बाजूंनी हलकेच पण पुरेसा दाबावा. कंडरा सलग असेल, तर दाबासरशी पाऊल आपोआप खाली, बोटांच्या दिशेने झुकते. ती तुटली असेल, तर पाऊल जवळजवळ निश्चल राहते. प्रथम चांगल्या पायावर करून पाहिले की फरक लगेच ध्यानात येतो. रुग्णाने स्वतः पाऊल हलवायचे नसल्याने लहान कंडरांची फसवणूक येथे चालत नाही, हेच तिचे मर्म.

नुसती ताणलेली कंडरा असेल, तर दाबल्यावर पाऊल झुकते, दुखत का होईना टाच उचलता येते आणि कंडरेवरून बोट फिरवताना ती दुखरी पण अखंड लागते. तुटली असेल, तर सुरुवातीच्या काही तासांत बोटाला खाच लागू शकते. नंतर सूज ती झाकून टाकते. मात्र ताज्या दुखापतीत एका पायावर टाच उचलून खात्री करण्याचा प्रयत्न करू नये. अर्धवट तुटलेली कंडरा त्यात पूर्ण तुटू शकते. अशी अर्धवट तूट वरील तपासणीत निसटूही शकते. म्हणून ‘फट्’ आवाज वा लाथ बसल्याची जाणीव झाली असेल, तर पाऊल झुकले तरी अस्थिरोगतज्ज्ञांना एक-दोन दिवसांतच दाखवावे. शंका उरल्यास सोनोग्राफीने उलगडा होतो.

ताणलेल्या कंडरेला विश्रांती, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा पंधरा-वीस मिनिटे शेक, चपलेत टाचेखाली लहानशी गादी आणि पुढे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेला व्यायाम एवढे बहुधा पुरते. तुटलेल्या कंडरेचे तसे नाही. पोटरीचा स्नायू वरचे टोक सतत वर खेचतो. पाऊल बोटांच्या दिशेने खाली झुकवून बांधले की दोन्ही टोके जवळ येतात. म्हणून रुग्णालयात जातानाही पाऊल तसेच ठेवावे आणि त्यावर भार देऊ नये. साधारण चार आठवडे उलटले, तर टोकांमधील अंतर भरून काढणे अवघड होते आणि साध्या टाक्यांऐवजी मोठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

वेळीच निदान झाले, तर दोन मार्ग असतात : शस्त्रक्रिया, किंवा टाचेखाली उंचवटा असलेला विशेष बूट. २०२२ साली नॉर्वेतील एका मोठ्या अभ्यासात वर्षअखेर दोन्ही मार्गांनी गेलेल्यांची चालण्या-फिरण्याची क्षमता जवळपास सारखीच आढळली. बुटाच्या उपचारात शंभरातील सुमारे सहा जणांची कंडरा पुन्हा तुटली, तर शस्त्रक्रियेनंतर शंभरात एकाहूनही कमी जणांची. परंतु शस्त्रक्रियेत नसांना इजा होण्याचे प्रमाण अधिक होते. हा ताळेबंद रुग्णाचे वय, मधुमेह आणि काम पाहून डॉक्टरांबरोबर मांडायचा असतो. मार्ग कोणताही असो, खेळाकडे परतण्यास बहुधा सहा महिने ते वर्ष लागते. ब्रायंट सुमारे आठ महिन्यांनी परतला.

आणखी एक सावधगिरी. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुबळी होऊ शकते. साठीपुढील आणि स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. अशी गोळी चालू असताना टाचेमागे दुखू लागले, तर पुढील गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आणि उपचार चालू असता पोटरी अधिकच सुजली वा अचानक धाप लागली, तर ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. तेव्हा क्षणाचाही विलंब करू नये.