पिशवी दिली, हिशेब कसा ठेवायचा?

गटाचा मसाला, चटणी, पापड चांगला होतो, पण तो विकायला कोण जाणार, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटाच्या बैठकीत निघतो. करणाऱ्या बायका कांडपात आणि पॅकिंगमध्ये अडकलेल्या असतात. मग कुणीतरी म्हणतं, अमक्या ताईला देऊ, ती विकेल, तिला कमिशन देऊ. ताई पिशवी घेऊन जाते. दोन महिन्यांनी माल किती उरला, पैसे किती आले, उधारी कुणाकडे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. मग एकाच गावातल्या बायकांमध्ये बोलणं बंद होतं. हे टाळायचं असेल तर पिशवी देण्याच्या आधी आणि दिल्यानंतर काय करायचं, ते आज सांगतो. आमच्या गटात कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी होते, म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्याकडचे भाव घालून तुम्ही ते पुन्हा मांडा.

पहिली गोष्ट कमिशनची. कमिशन कुठून येतं? ते किमतीत आधीच धरलेलं असावं लागतं. दोनशे ग्रॅम मसाल्याच्या पाकिटाला मिरची, खोबरं, कांदा, लसूण, तेल असा कच्चा माल 62 रुपयांचा लागला. डंखावरचं कांडप 6 रुपये, पिशवी आणि लेबल 5 रुपये, आपली मजुरी 12 रुपये. झाले 85. आता पुष्कळ गट यावर 15 रुपये घालून किंमत 100 ठेवतात, कारण आजवर घरून तेवढ्यालाच विकलेलं असतं. मग विक्रेती ताईला पाकिटामागे 18 रुपये द्यायचे ठरतं. शंभरातून अठरा गेले, हातात राहिले 82. म्हणजे प्रत्येक पाकिटाला 3 रुपये गटाच्या खिशातून गेले. दोनशे पाकिटं विकली तर 600 रुपये तोटा, आणि विक्री वाढली म्हणून सगळ्या खूश!

पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे ताईला घेता येत नाहीत, कायद्यानं ते चालत नाही. म्हणून किंमत छापतानाच कमिशन धरायचं. किंमत 120 ठेवली आणि कमिशन शंभराला 15 ठेवलं, तर ताईला 18 रुपये, गटाला 102. त्यातून 85 खर्च वजा जाता 17 रुपये राहतात. फुटलेलं पाकीट, चवीसाठी दिलेला नमुना, एसटीचं भाडं हे सगळं या 17 रुपयांतून भागवायचं आहे, म्हणून तो सगळा नफा समजू नका. आणि एक पक्कं करा: गटाच्या घरी येऊन कुणी मागितलं तरी किंमत 120च. आपण शेजारणीला 100 ला दिलं की ती बातमी दुसऱ्या दिवशी ताईच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते, आणि ताई खोटी ठरते.

आता ताई निवडायची कशी? आपण सहसा बोलक्या बाईकडे बघतो. पण बोलण्यापेक्षा महत्त्वाचं असतं की तिच्याकडे आठवड्याला दहा-पंधरा बायका आपणहून येतात का. शिलाई करणारी, बांगड्या भरणारी, पार्लर चालवणारी, पिठाच्या गिरणीवर बसणारी, अशी बाई विक्रीसाठी वेगळी हिंडत नाही. दुसरं, तिची गिऱ्हाइकं कोण आहेत ते बघा. शेतकरी घरात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून ठेवलेला असतो, तिथे एप्रिल-मे नंतर तुमचं पाकीट कोण घेणार? तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, अंगण नसलेल्या बायका घेतात. म्हणून आपल्याच गल्लीत चार ताया नेमण्यापेक्षा तालुक्याला एक ताई शोधा. एका गल्लीत दोघी तर कधीच नकोत.

तिच्याशी पहिल्यांदा बोलताना कमाईचा खरा आकडा सांगा. दोन हजारांची पिशवी पूर्ण विकली तर तिला सुमारे तीनशे रुपये मिळतात. पंधरा दिवसांत पिशवी सहसा पूर्ण संपत नाही, दोनशेच्या आसपास धरा. घरबसल्या महिना पाच हजार असं सांगून आणलेली ताई तिसऱ्या हिशेबाला येत नाही. तिच्याकडून सभासद फी किंवा अनामत घेऊ नका, माल विकत घ्यायलाही लावू नका. आणि तिने दुसरी बाई आणली म्हणून तिला पैसे देऊ नका. कमिशन फक्त विकलेल्या मालावर. माणसं जोडण्यावर पैसे फिरवणाऱ्या योजनांवर 1978 च्या कायद्यानं बंदी आहे, त्या वाटेला जायचंच नाही.

आता पिशवी. पहिली पिशवी लहान ठेवा. आम्ही 20 पाकिटं देतो: मसाला 10, दर 120, शेंगदाणा चटणी 6, दर 80, जवस चटणी 4, दर 70. एकूण किंमत 1960 रुपये. वहीच्या एका पानावर ताईचं नाव, तारीख, प्रत्येक मालाचा नग आणि दर, खाली दोघींच्या सह्या. तसंच पान तिच्या छोट्या वहीतही.

पंधरा दिवसांनी हिशेब. शिलाई करणाऱ्या एका ताईचं पान बघू. तिच्याकडे मसाल्याची 3, शेंगदाण्याचं 1 आणि जवसाची 3 पाकिटं उरली. त्यांची किंमत 360, 80 आणि 210, मिळून 650 रुपये. विकलेला माल 1310 रुपयांचा. पण तीन पाकिटं मसाला उधार गेला होता, म्हणजे 360 रुपये येणे. हातात रोख आले 950.

आता तीन आकड्यांची बेरीज करा. शिल्लक माल 650, रोख 950, उधार 360. बेरीज 1960. दिलेला माल तेवढाच होता. हिशेब जुळला. ही एवढी बेरीज प्रत्येक वेळी केली, तर भांडणाला जागाच राहत नाही. बेरीज कमी आली तर चोरीचा विचार आधी करू नका. बहुतेक वेळा एखादं पाकीट घरात वापरलेलं असतं, चवीला दिलेलं असतं किंवा फुटलेलं असतं. ते विचारा आणि तसंच लिहा. घरात वापरलं असेल तर ती खरेदी, कमिशन वजा करून पैसे घ्या. चवीला दिलं असेल तर ते गटाच्या खर्चात, पण नमुना आधीच वेगळी लहान डबी भरून द्या, म्हणजे विकायचं पाकीट फुटत नाही.

कमिशन आलेल्या रोख पैशांवरच द्यायचं. 950 वर शंभराला 15 म्हणजे 142 रुपये 50 पैसे ताईचे, 807 रुपये 50 पैसे गटाचे. उधारीचे 360 आले की त्यावरचे 54 तिला मिळतील. म्हणजे उधारी वसूल करायची आठवण आपल्याला करावी लागत नाही. पैसे मोबाइलवरून आले असतील तर ते कुणाच्या खात्यात आले तेही त्याच पानावर लिहा.

यानंतर नवीन पिशवी भरताना मर्यादा बघायची. ताईकडचा माल आणि उधारी मिळून दोन हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही. या ताईकडे 650 चा माल आणि 360 ची उधारी आहे. जवस तिच्याकडे चालत नाही हे दिसतंय, चारपैकी एकच गेलं. म्हणून दोन पाकिटं, 140 रुपयांची, ताजी असतानाच परत घेतली आणि जिथे जवस खपतो त्या ताईला दिली. राहिले 870. म्हणजे तिला आणखी 1130 पर्यंत माल देता येतो. मसाल्याची 6 आणि शेंगदाण्याची 5 पाकिटं दिली, ती 1120 ची झाली. उधारी वाढली की नवा माल आपोआप कमी होतो, कुणाला नाही म्हणावं लागत नाही.

ही मर्यादा गटासाठीही आहे. आठ ताया म्हणजे 16,000 रुपयांचा माल बाहेर. त्यात आपला घातलेला खर्च अकरा हजारांच्या वर असतो. तेवढे पैसे गुंतवून पुढच्या मिरचीला गटाकडे पैसे उरतात का, ते बघूनच नववी ताई घ्या.

परत आलेल्या मालाचं काय? शेंगदाण्याच्या चटणीचं तेल खवट होतं, वास आधी येतो. मसाल्याला ओल लागली की गुठळ्या धरतात. म्हणून माल केल्याची तारीख प्रत्येक पाकिटावर स्वच्छ हवी, आणि हिशेबाच्या दिवशी उरलेली पाकिटं हातात घेऊन बघायची. जुनी तारीख पुढे, नवी मागे, हे ताईलाही शिकवा. पाकिटाचा सील नीट नव्हता तर नुकसान गटाचं. तिने चुलीजवळ किंवा ओल्या भिंतीला ठेवलं आणि बिघडलं, तर पहिल्या दोन पिशव्यांना नुकसान गटानं सोसावं आणि तिला जागा दाखवावी. तिसऱ्यापासून अर्धं-अर्धं. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं. गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ताईने वाद घालू नये, पाकीट बदलून द्यावं आणि खराब पाकीट हिशेबाला आणावं. त्यावरची तारीख बघून त्या दिवशीचा बाकीचा माल तपासता येतो. लेबलवर घटक, वजन, तारीख, किंमत, गटाचं नाव-पत्ता, हिरवी खूण आणि 14 अंकी अन्न नोंदणी क्रमांक असला की तालुक्याची गिऱ्हाइकं ताईला कमी प्रश्न विचारतात.

शेवटी, काहीतरी बिघडतंय हे ओळखायचं कसं? एक, ताई पाकिटं न मोजता पाचशे, हजार असे गोल आकडे देते. दोन, हिशेबाचा दिवस दोनदा पुढे ढकलते. तीन, उधारी त्याच दोन-तीन नावांवर वाढत जाते. यातलं काहीही दिसलं तर बैठकीत सगळ्यांसमोर विचारू नका. दोघी जणी तिच्या घरी जा आणि पाकिटं मोजा. कधी पैसे घरात खर्च झालेले असतात, नवऱ्यानं घेतलेले असतात, दवाखान्याला गेलेले असतात. मग रक्कम लिहा, तीन-चार हप्ते ठरवा आणि तोवर नवा माल फक्त रोखीच्या हिशेबानं द्या. आणि पिशवी दोन हजारांचीच होती, त्यामुळे फेडायची रक्कम तिच्या आवाक्यात राहते.

येत्या बैठकीत एक काम करा. ज्या ज्या ताईकडे आपला माल आहे, तिचं एक पान उघडा आणि तीन आकडे मांडा: शिल्लक, रोख, उधार.