चंदन, भस्म आणि संगमरवर: लिंबू का लावायचं नाही?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा जमेल तितकी तशीच ठेवली आहे.)

आज देवघराच्या साफसफाईबद्दल बोलू. श्रावणातला सोमवार डोळ्यांसमोर आणा. पांढऱ्या संगमरवरी कट्ट्यावर सहाणेखालून गंध ओघळून वाळलंय, बाजूला भस्म सांडलंय आणि दोन्ही थोडं थोडं तुमच्या पांढऱ्या कुर्त्यावरही आलंय. बहुतेक घरांत अशा वेळी लगेच लिंबू शोधलं जातं. तांब्या-पितळेला ते चालतं, मग इथे का नको?

कारण संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कुठलंही आम्ल त्याला विरघळवतं. लिंबू, व्हिनेगर, चिंच, पितळ उजळवायची आंबट पावडर, इतकंच काय, सांडलेलं दहीसुद्धा पॉलिश खातं. मग तिथे निस्तेज पांढुरका ठिपका उरतो. आपल्याला वाटतं डाग अजून गेला नाही, म्हणून आपण आणखी लिंबू चोळतो!

म्हणून आधी ओळखायचं. मोबाईलचा टॉर्च कट्ट्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. ठिपका आजूबाजूपेक्षा गडद किंवा रंगीत असेल तर तो डाग, तो निघू शकतो. रंग नाही, फक्त चमक गेलेली दिसते? मग दगड खाल्ला गेलाय. तो घासून निघणार नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागेल.

आता कट्ट्यापासून सुरुवात. भस्म कोरडं असतानाच मऊ ब्रशने उचला. फडकं दाबून फिरवू नका, राखेत बारीक खरखरीत कण असतात आणि त्यांनी पॉलिशवर चरे पडतात. वाळलेलं गंध कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच सोडवा. भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब टाकलेल्या पाण्याने पुसा, साध्या पाण्याने परत पुसा आणि कोरडं करा.

तरी पिवळट छाप राहिली? संगमरवराला बारीक छिद्रं असतात, रंग आत उतरलाय. वरून घासून उपयोग नाही, तो आतून ओढून काढायचा. खायचा सोडा आणि औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून दह्याइतका घट्ट लेप करा. डागावर साधारण अर्धा सेंटिमीटर जाड लावा, वर प्लॅस्टिक ठेवून त्याला टाचणीने चार भोकं पाडा. चोवीस तासांनी प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळताना तो रंग वर ओढतो. मग ओल्या फडक्याने काढा. डाग फिका झाला पण गेला नाही तर परत एकदा. आधी कोपऱ्यात करून बघा, आणि काळ्या किंवा रंगीत दगडावर पेरॉक्साइड नकोच, त्याचा रंग उडू शकतो.

आता कुर्ता. इथे पहिली चूक म्हणजे पाणी. भस्म ओलं झालं की धाग्यांत जाऊन बसतं. आधी कपडा बाहेर नेऊन झटका, उरलेलं चिकटपट्टीने टिपा. वाळलेलं गंध चमच्याच्या पाठीने खरवडा. मग कपडा उलटा करून मागच्या बाजूने थंड पाणी सोडा, म्हणजे कण आले त्याच वाटेने बाहेर जातील. चंदनात तेल असतं, त्यामुळे डागावर भांड्यांचं लिक्विड लावून दहा मिनिटं थांबा आणि मग नेहमीसारखं धुवा.

साबण लागताच डाग लालसर झाला तर घाबरू नका. गंधात हळद आहे! हळद साबणाच्या अल्कलीने लाल होते. नीट खळबळून पांढरा सुती कपडा कडक उन्हात वाळवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. रक्तचंदनाचं मात्र वेगळं. त्याचा लाल रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. खाली टिश्यू ठेवून कापसाने स्पिरिट टिपा आणि टिश्यू बदलत राहा. खिडकी उघडी ठेवा, समई-निरांजन विझलेलं असू द्या.

डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, उष्णतेने तो पक्का बसतो. आणि सोवळं किंवा पैठणी असेल तर यातलं काहीच घरी करू नका. रेशीम चोळलं की धागा विसकटतो. फक्त कोरडं भस्म झटका आणि ड्रायक्लीनवाल्याला डाग कशाचा आहे ते सांगून द्या.

आणि हो, पुढच्या सोमवारी सहाणेखाली एक ताटली ठेवा, म्हणजे लेपाची वेळच येणार नाही. भेटू पुढच्या भागात!