खडू मोजता येतो, ‘चॉक’ नाही

इंग्रजीत नामांचे दोन गट पडतात. पेन्सिल, बेंच, डस्टर ही नामे गणनीय, म्हणजे त्यांच्याआधी थेट संख्या येते. वॉटर, ग्लू, चॉक ही अगणनीय, म्हणजे त्यांच्याआधी ‘वन’, ‘टू’ लागत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना हा भेद अवघड जातो, कारण मराठीत ‘किती’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो: किती पेन्सिली, किती पाणी. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘हाऊ मेनी’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हाऊ मच’ म्हणावे लागते.

वर्गात सुरुवात सोप्या जोडीने करावी. टेबलावर चार पेन्सिली आणि पाण्याची एक बाटली ठेवावी. मुले पेन्सिली मोजतात आणि ‘फोर पेन्सिल्स’ म्हणतात. पाणी मोजायला सांगितले की काही जण ‘वन वॉटर’ म्हणतात. तेव्हा तेच पाणी दोन पेल्यांत ओतून दाखवावे. पाणी तेवढेच राहिले, वाढले ते पेले. मोजले जाते ते भांडे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते आणि ‘टू ग्लासेस ऑफ वॉटर’ ही रचना आपोआप पुढे येते.

खरी अडचण खडूपाशी येते. मराठीत ‘दोन खडू’ म्हणतात, म्हणून मूल ‘टू चॉक्स’ म्हणते. ‘जे मोजता येते ते गणनीय’ एवढाच नियम सांगितला असेल, तर त्या नियमाने मुलाचे उत्तर बरोबरच ठरते. इथे खडू मोडून दाखवावा. दोन्ही तुकड्यांना खडूच म्हणतात. कागद फाडला तरी दोन्ही भाग कागदच. खुर्ची मोडली, तर मात्र दोन खुर्च्या होत नाहीत. इंग्रजी ‘चॉक’ आणि ‘पेपर’ या शब्दांकडे पाण्यासारखाच पदार्थ म्हणून पाहते. म्हणून ‘टू पीसेस ऑफ चॉक’, ‘टू शीट्स ऑफ पेपर’.

या कसोटीला मर्यादा आहेत. ‘फर्निचर’ अगणनीय आहे, पण ते मोडून कळत नाही. बाके, खुर्च्या, कपाट यांचे ते एकत्रित नाव आहे, त्यामुळे ते वेगळे सांगावे. ‘अ पेपर’ असेही ऐकू येते, पण तेव्हा अर्थ वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असा होतो. रंगीत खडूंसाठी ‘चॉक्स’ कधी कधी वापरतात. पहिल्या धड्यात त्याचा उल्लेख टाळलेला बरा.

मुलांना समजले का, हे पाठ केलेल्या यादीवरून कळत नाही. त्यासाठी धड्यात न आलेल्या दोन वस्तू द्याव्यात: डिंकाची बाटली आणि खोडरबर. मूल ‘सम ग्लू’ आणि ‘अ रबर’ म्हणाले, तर भेद समजला. ‘अ ग्लू’ म्हणाले, तर त्याने बाटली मोजली आहे. अशा वेळी थोडा डिंक कागदावर ओतून बाटली बाजूला ठेवावी आणि उरलेल्या डिंकाकडे बोट दाखवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा.