सहा चौकटी आणि दहा बोटं

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या नियमांत ‘हेस्ट’ नावाचा एक मंत्र होता. तो ज्याच्यावर टाकाल त्याचा वेग दुप्पट होई, पण त्याचं वय एका वर्षानं वाढे. वाचताना अंगावर काटा येतो. आयुष्यातलं अख्खं वर्ष! प्रत्यक्ष खेळताना मात्र कुणाच्या कपाळावर साधी आठी पडत नसे. पंचविशीतला लढवय्या सव्विसाचा झाला म्हणून त्याचं काय अडतं? आणि एल्फ तर शेकडो वर्षं जगतात, त्यांना एका वर्षाचं काय कौतुक. शिवाय पात्र म्हातारं होण्याच्या कितीतरी आधीच खेळ संपलेला असतो. म्हणजे किंमत नियमात छापलेली होती, पण ती चुकती करायची वेळ कुणावरच येत नव्हती.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट मिळून रचत जातात. एक जण गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार. बाकीचे एकेका पात्राच्या वतीनं निर्णय घेतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. अनेक जण छापील जग न वापरता स्वतःचं जग रचतात. तसं रचायला बसलं की पहिला अवघड प्रश्न येतो तो जादूचा. जादूनं काहीही करता येत असेल तर गोष्टीत अडचण कशी येणार? मग ठरतं की प्रत्येक मंत्राला किंमत ठेवायची. हे ठरवणं सोपं असतं. पण ती किंमत पात्राला नव्हे, समोर बसलेल्या खेळाडूला जाणवली पाहिजे, आणि हेस्टचा नियम नेमका तिथेच फसला.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधली मूळ मर्यादा वेगळी होती. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातले मांत्रिक मोजकेच मंत्र डोक्यात भरून घेतात आणि म्हटला की तो मंत्र विसरतात. गायगॅक्सनं ती कल्पना उचलली: दिवसाला ठरावीक मंत्र, रात्री झोप आणि अभ्यास, सकाळी कोटा पुन्हा भरलेला. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबी डेटासारखंच हे. तो जपून वापरला जातो, पण संपला म्हणून कुणी शोक करत नाही. खेळाडूंनी यावर लगेच तोडगा काढला. पहिल्याच झटापटीत सगळे मंत्र उडवायचे, गुहेचं दार लावून घ्यायचं आणि झोपायचं. सूत्रधार बिचारा बाहेर राक्षस घेऊन ताटकळत बसतो.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीनं दुसरं टोक गाठलं. ‘विश’ हा सर्वांत मोठा मंत्र म्हटला की ५,००० अनुभवगुण वजा होत. जादूची तलवार घडवायची तरी अनुभवगुण खर्ची पडत. अनुभवगुणांवर पात्राची प्रगती ठरते, त्यामुळे ही किंमत खेळाडूला चांगलीच झोंबायची. पण ती भलत्याच माणसाला पडायची. तलवार मिरवणार लढवय्या, आणि ती घडवणारा मांत्रिक सोबत्यांच्या मागे राहणार. मग मांत्रिक काहीच घडवेनासा होतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत हा प्रकार बंद झाला, ते बरंच झालं.

माझ्या मते या बाबतीत जास्त जमलेले खेळ दोन. एक १९८१ चा ‘कॉल ऑफ क्थुल्हू’. त्यात मंत्र म्हटला की बहुतेक वेळा मनाचा तोल दर्शवणारे गुण कमी होतात, आणि ते झोपून भरून निघत नाहीत. दुसरं १९९१ चं ‘डार्क सन’ हे जग. तिथे जादूची शक्ती आजूबाजूच्या वनस्पतींतून येते आणि बेफिकीर मांत्रिकाभोवतीची जमीन राख होते. वाळवंट का पसरलं हे त्या जगात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. किंमत जगाच्या नकाशावरच दिसते.

आता हे सगळं लक्षात ठेवून एक छोटी पद्धत मुळापासून रचून पाहू. जग असं: उंच डोंगरातली एक दरी, वर्षातले आठ महिने बर्फ. इथली जादू म्हणजे मांत्रिकाच्या अंगची ऊब बाहेर पाठवणं. कुलूप उघडायचं, जखम भरायची, दगड हलवायचा, सगळं त्याच उबेवर. प्रत्येक मांत्रिकाच्या कागदावर सहा चौकटी काढायच्या आणि एक मंत्र म्हटला की एक चौकट काळी करायची. सहा संपल्या की जादू बंद.

एवढ्यावर थांबलो तर तो रोजचा कोटाच झाला. म्हणून भरपाईला अट घालायची. रात्री शेकोटीपाशी बसून एक मोळी जास्तीची जाळली तर दोन चौकटी परत मिळतात, नाहीतर एकही नाही. बाकीच्यांना थंडीपासून वाचवायला लागणारी मोळी वेगळी. मोळ्या पाठीवर वाहाव्या लागतात, आणि एका माणसाला दोनच झेपतात. म्हणजे मांत्रिकानं दुपारी उघडलेल्या कुलपाचं ओझं संध्याकाळी लढवय्याच्या पाठीवर येतं. टेबलावर लगेच कुरबुर सुरू होते, “ते दार लाथेनं उघडलं नसतं का?” अशी कुरबुर ऐकू आली की किंमत लागू पडते आहे असं खुशाल समजावं.

पण सावकाश झिजणाऱ्या किमतीनं धडधड होत नाही. त्यासाठी फासा हवा. नियम असा की चौकट काळी करताना सहा बाजूंचा एक फासा टाकायचा. चौकटीत लिहिलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी पडला, तर हिमदंश होतो आणि एक बोट कायमचं जातं. आकडे कोणते लिहायचे? पहिल्यांदा सुचतो तो १ ते ६ असा सरळ क्रम. तो आधी कागदावर तपासून घ्यावा. पहिल्या मंत्राला सुटण्याची शक्यता सहांत पाच, दुसऱ्याला सहांत चार, तिसऱ्याला सहांत तीन. तिन्हींतून सहीसलामत सुटण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपास. तीन मंत्र ही एका बैठकीत अगदी साधी गोष्ट. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन बैठकांत बोट जाणार. इतक्या कडक नियमात खेळाडू मंत्र म्हणायचंच सोडतो. प्रत्येक संकटात तो “माझ्याकडे तलवार आहे ना?” असं विचारू लागला की समजावं, मांत्रिकाचा मशालवाला झाला.

म्हणून पहिल्या दोन चौकटी कोऱ्या ठेवू, तिथे फासा नाही. पुढच्या चारांत १, २, ३, ४ लिहू. आता तीन मंत्रांत सुटण्याची शक्यता ८३ टक्के, चारांत ५६, पाचांत २८ आणि सहाही वापरले तर जेमतेम ९. पहिले दोन मंत्र बिनधास्त, तिसऱ्याला किंचित धाकधूक, चौथ्यानंतर छापा-काट्याच्या जवळ. मोळी वाचवायची म्हणून काल ज्यानं ऊब भरून घेतली नाही, तो आज सकाळीच आकड्यांच्या चौकटींवर उभा असतो. लाकूड आणि बोटं असे एकमेकांना बांधले जातात.

बोट गेल्यानं नेमकं काय होतं, हे ठरवायचं राहिलं. ‘पकड ढिली होते’ असं म्हणून चालणार नाही, कारण ते कुणी लक्षात ठेवत नाही. त्याऐवजी असं ठरवू की प्रत्येक मंत्र एकेका बोटात राहतो. जास्तीत जास्त दहा मंत्र, आणि ज्या बोटानं मंत्र म्हटला तेच गोठतं, मंत्रासकट. मर्यादा आणि किंमत एकाच जागी आली. जखम भरण्याचा मंत्र उजव्या तर्जनीत असेल तर चौथ्या चौकटीवर खेळाडू दहा वेळा विचार करतो, कारण सगळ्यात उपयोगी मंत्रच सगळ्यात जास्त वेळा पणाला लागतो. यातून जगही आपोआप उभं राहतं. तीन बोटांच्या म्हाताऱ्या मांत्रिकाकडे लोक आदरानं पाहतात आणि त्याची उरलेली बोटं कोणती, हे शत्रू आधी मोजतात. बाजारात हातमोजे महाग असतात. लाकडाच्या वखारीचा मालक गावच्या पाटलापेक्षा मोठा असतो.

आता पळवाटा. खेळाडू त्या शोधणारच, आणि शोधाव्यातही. पहिली असेल गरम पाण्याच्या झऱ्याची: तिथे बसून फुकट ऊब मिळेल का? माझं उत्तर ‘हो’. झरा नकाशावर ठेवा, पण तो कुणाच्या तरी ताब्यात असू द्या. दुसरी पळवाट जास्त धोक्याची. ऊब दुसऱ्याच्या अंगातून घेता येते का? नुसतं ‘हो’ म्हटलंत तर पुढच्या बैठकीला मंडळी वीस कोंबड्या पिंजऱ्यात घालून आणतील, आणि तुमच्या गंभीर दरीचा तमाशा होईल. नुसतं ‘नाही’ म्हटलंत तर एक चांगली गोष्ट हातची जाईल. मधला मार्ग असा: ऊब फक्त तोच देऊ शकतो जो स्वतःच्या तोंडानं हो म्हणेल, आणि त्याची बोटंही त्याच फाशावर लागतात. कोंबडी हो म्हणत नाही. सोबती मात्र म्हणू शकतो. वखारवाल्याच्या कर्जात बुडालेला मजूरही म्हणतो, आणि ते ‘हो’ खरं किती, यावर टेबलावर वाद रंगतात.

शेवटी एक विनंती. चौकटी, आकडे, मोळ्या, बोटं हे सगळं पात्रं तयार होण्याआधीच खेळाडूंपुढे मांडा. ज्याला पुढे सात बोटांचा मांत्रिक खेळवायचा नसेल, त्याला पहिल्याच दिवशी धनुर्धारी निवडता आला पाहिजे.